बॉट म्हणतो "बुकिंग झाले", नोंदवहीत मात्र काहीच नाही: ठरीव संवाद, मुक्त संवाद आणि स्टेट मशीनची जोडणी

अंबाबाई मंदिराच्या परिसरातील यात्री निवासांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून खोली राखून देणारे बॉट जे तयार करतात किंवा सांभाळतात, त्यांच्याकडे एक तक्रार ठरावीक काळाने परत येते. पाहुणे सामानासह काउंटरवर येतात, फोन पुढे करून "तुमच्या दोन खोल्या निश्चित झाल्या आहेत" हा बॉटचा संदेश दाखवतात आणि व्यवस्थापकाच्या नोंदवहीत त्यांच्या नावाची नोंदच नसते. प्रोग्रॅमर सूचनापत्रात, म्हणजे मॉडेलला दिल्या जाणाऱ्या प्रॉम्प्टमध्ये, "पैसे मिळाल्याशिवाय बुकिंग झाले असे सांगू नये" असे एक वाक्य वाढवतो. काही दिवस सुरळीत जातात. पुढच्या गर्दीच्या आठवड्यात तीच तक्रार पुन्हा येते.

मग मालक वैतागून जुनी पद्धत परत मागतात: "खोलीसाठी १ दाबा, दरासाठी २ दाबा." त्यात खोटे बुकिंग होत नाही, हे खरे. पण पाहुण्याने मध्येच "गाडी लावायला जागा हाय का?" असे विचारले, की "अवैध पर्याय, कृपया पुन्हा निवडा" असे उत्तर मिळते आणि तो शेजारच्या निवासाला फोन लावतो. हंगाम संपला की पुन्हा मुक्त संवादाचा बॉट बसवला जातो. या हेलकाव्यात दोन्ही पद्धतींचे दोष भोगावे लागतात आणि गुण मात्र पदरात पडत नाहीत. हा हेलकावा कायमचा थांबवण्याची रीत येथे एका प्रत्यक्ष संवादाच्या आधारे मांडली आहे.

आधी दुखणे नेमके कोणते ते पाहा

तक्रार आली की प्रथम प्रॉम्प्टला हात लावू नये. बॉटने पाठवलेले संदेश आणि बुकिंगची सारणी यांची एकमेकांशी गाठ घालून पाहावी. दोन्ही एकाच डेटाबेसमध्ये असतील, तर एवढी क्वेरी पुरते:

```sql
SELECT m.sent_at, m.phone, m.body
FROM messages m
LEFT JOIN bookings b
  ON b.phone = m.phone
 AND b.state = 'CONFIRMED'
 AND b.confirmed_at <= m.sent_at
WHERE m.direction = 'out'
  AND m.body LIKE '%निश्चित%'
  AND b.id IS NULL;
```

या क्वेरीतून येणाऱ्या ओळी डोळ्यांखालून घालाव्या लागतात, कारण "अजून निश्चित नाही" असे बरोबर उत्तरही तीत सापडते. शिवाय एखाद्या पाहुण्याचे मागच्या वर्षीचे बुकिंग सारणीत असेल, तर त्याची या वेळची चुकीची ओळ निसटते, म्हणून नेहमी येणाऱ्या पाहुण्यांचे संवाद वेगळे तपासावेत. एवढे करूनही एक जरी खरोखरीची चुकीची ओळ सापडली, तरी निदान झाले असे समजावे: बॉटचे बोलणे आणि बॉटची कृती या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. ओळ सापडली नाही आणि तरीही तक्रारी येत असतील, तर दुखणे बहुधा तारखेच्या किंवा संख्येच्या आकलनात आहे. त्याबद्दल पुढे येईल.

एक संवाद जवळून

ताराबाई रोडवरील एका यात्री निवासाच्या बॉटमधील हा संवाद आहे. ओळखीचे तपशील काढून टाकले आहेत, पण शब्द जसे लिहिले गेले तसेच आहेत.

पाहुणे: "शुक्रवारी येतोय ओ. दोन रूम पायजेत, सहा जण हाय."

बॉट: "शुक्रवारी दोन खोल्या उपलब्ध आहेत. आगाऊ रक्कम भरण्यासाठी खालील लिंक वापरावी."

पाहुणे: "गाडी लावायला जागा हाय का? आणि शुक्रवार नको, शनिवार. बाकी चालतंय की."

बॉट: "हो, गाडी लावण्याची सोय आहे. तुमच्या दोन खोल्या शनिवारसाठी निश्चित झाल्या आहेत. आपले स्वागत आहे!"

सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या, तर खोल्यांची उपलब्धता तपासणारे फंक्शन या संपूर्ण संवादात एकदाच चालले होते आणि तेही शुक्रवारसाठी. शनिवारी एकच खोली शिल्लक होती. पैसे भरले गेले नव्हते. मॉडेलला हे फंक्शन उपलब्ध होते आणि ते कधी वापरावे हेही प्रॉम्प्टमध्ये लिहिलेले होते. तरी ते पुन्हा वापरले गेले नाही.

भाषा-मॉडेल आधीच्या मजकुरापुढे काय यावे हे ठरवत एकेक शब्द जोडत जाते. "दोन खोल्या उपलब्ध आहेत" हे वाक्य आधी येऊन गेलेले आहे, पाहुण्याने "बाकी चालतंय की" असा होकार दिलेला आहे आणि अशा संवादाचा शेवट बहुतेक वेळा "निश्चित झाले" असाच होतो. म्हणून वाक्य त्याच दिशेने जाते. उपलब्धता शुक्रवारपुरतीच तपासली होती, ही गोष्ट त्या मजकुरात कोठेही वेगळी नोंदलेली नाही. बुकिंग कोणत्या टप्प्यावर आहे याची माहिती फक्त गप्पांच्या ओघात साठवलेली असते आणि गप्पांचा ओघ बदलला की ती माहितीही नकळत बदलते. प्रॉम्प्टमधील ताकीद ही चूक कमी करते, नाहीशी करत नाही. टेंपरेचर शून्य केल्यानेही फरक पडत नाही, कारण त्याने उत्तरातील यदृच्छा घटते. चुकीचे वाक्यच सर्वांत संभाव्य असेल, तर तेच अधिक नेमाने येत राहते.

बॉटने लिहून दिलेल्या वाक्याची जबाबदारी झटकता येत नाही, हेही मालकांना सांगावे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने सवलतीच्या भाड्याबाबत दिलेली चुकीची माहिती कंपनीचीच मानली आणि प्रवाशाला भरपाई देण्याचा आदेश दिला. तेथील आदेश येथे लागू होत नाही. पण फोन पुढे करून उभा असलेला पाहुणा काउंटरवर हाच युक्तिवाद करतो आणि तो चुकीचा आहे असे मला वाटत नाही.

कोणते वाक्य नियमांचे, कोणते मॉडेलचे

"संपूर्ण बॉट नियमांवर चालवावा की मॉडेलवर" हा प्रश्न आपण संपूर्ण बॉटला उद्देशून विचारतो, तेथेच घोटाळा होतो. तो संवादाच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा विचारायला हवा आणि त्यासाठी दोनच गोष्टी पाहाव्या लागतात. पाहुणा या टप्प्यावर जे बोलेल, ते किती तऱ्हांनी बोलू शकतो? आणि आपण येथे चुकलो, तर ती चूक पुढच्या संदेशात सुधारता येते, की पैसे, खोली किंवा शब्द हातातून गेलेला असतो?

पाहुण्याची पहिली मागणी शंभर तऱ्हांनी येते. "उद्या येतोय", "udya 2 room havyat", "आम्ही चार मोठी आणि दोन लहान", "एसी असली तर बरं" अशी ती असते. यासाठी नियम लिहीत बसणे म्हणजे कधीही न संपणारे काम आहे. शिवाय येथे काही चुकीचे समजले, तर पुढच्याच संदेशात पाहुणा ते दुरुस्त करू शकतो. हे काम मॉडेलचे आहे.

होकाराचा टप्पा याच्या अगदी उलट आहे. "चालतंय की" हा कोल्हापुरात बहुतेक वेळा होकार असतो, पण वरच्या संवादात तो नेमका कशाला दिला होता हे वाक्यावरून ठरत नाही. "बघतो", "घरात इचारून सांगतो", "बरं" यांपैकी काहीही होकार म्हणून धरले जाऊ शकते, आणि धरले गेले तर खोली दुसऱ्या कोणाला देता येत नाही. येथे पाहुण्याला दोनच गोष्टी म्हणायच्या आहेत, म्हणून येथे बटण द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात उत्तराची तीन बटणे देता येतात: "होय, राखून ठेवा", "तारीख बदला", "काउंटरशी बोला". बटण दाबणे हाच होकार, लिहिलेला कोणताही मजकूर हा होकार नव्हे, असा नियम कोडमध्ये असावा.

दर, उपलब्धता आणि "निश्चित झाले" ही तीन प्रकारची वाक्ये मॉडेलने कधीही रचू नयेत. ती आधी लिहून ठेवलेल्या साच्यात डेटाबेसमधील आकडे भरून तयार व्हावीत. त्यांची भाषा थोडी कोरडी वाटेल. वाटू द्यावी.

स्टेट मशीन कसे बांधावे

स्टेट मशीन, म्हणजे अवस्था-यंत्र, ही कल्पना येथे अगदी साध्या अर्थाने घ्यावी. प्रत्येक पाहुण्याचे बुकिंग कोणत्याही क्षणी एकाच अवस्थेत असते, ती अवस्था डेटाबेसच्या एका रकान्यात लिहिलेली असते आणि ती ठरावीक घटना घडल्यावरच बदलते. मॉडेल ती अवस्था वाचू शकते, लिहू शकत नाही.

पुष्कळ जण येथे अवस्थांची संख्या वाढवत नेतात: तारीख विचारण्याची एक, खोल्यांची एक, माणसांची एक. मग पाहुण्याने पहिल्याच संदेशात तिन्ही गोष्टी सांगितल्या, की यंत्र अडखळते. त्याची गरज नसते. झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या GUS या प्रवास-आरक्षणाच्या संवाद-प्रणालीने हा प्रश्न तेव्हाच सोडवला होता: माहितीच्या रिकाम्या जागांचा एक तक्ता ठेवायचा, पाहुणा ज्या क्रमाने सांगेल त्या क्रमाने जागा भरायच्या आणि जी रिकामी राहील तेवढीच विचारायची. त्यामुळे माहिती गोळा करण्यासाठी एकच अवस्था पुरते. आपल्या यात्री निवासासाठी अवस्थांचा हा तक्ता पुरेसा ठरला:

```python
NEXT = {
    ("COLLECT", "rooms_found"):  "QUOTED",
    ("QUOTED",  "slot_changed"): "COLLECT",
    ("QUOTED",  "button_yes"):   "HELD",
    ("HELD",    "slot_changed"): "COLLECT",
    ("HELD",    "hold_timeout"): "COLLECT",
    ("HELD",    "payment_ok"):   "CONFIRMED",
}

def step(state, event):
    return NEXT.get((state, event), state)
```

`COLLECT` मध्ये तारीख, रात्री, खोल्या आणि माणसे एवढी माहिती जमा होते. ती पूर्ण झाली की कोड स्वतः उपलब्धता तपासतो. तपासावे की नाही हे मॉडेलला विचारले जात नाही. खोल्या असतील तरच `rooms_found` ही घटना घडते आणि पाहुण्याला दरासह प्रस्ताव जातो. नसतील, तर अवस्था तीच राहते आणि "त्या दिवशी एकच खोली शिल्लक आहे" असे साच्यातील उत्तर जाते. `HELD` मध्ये खोली ठरावीक वेळेपुरती बाजूला ठेवली जाते आणि पैशांची लिंक पाठवली जाते. वीस मिनिटे हा काळ लहान निवासांना सोयीचा पडतो. नवरात्रात तो कमी करावा लागतो.

या तक्त्यातील सर्वांत महत्त्वाच्या ओळी `slot_changed` च्या आहेत. तारीख, रात्री, खोल्या किंवा माणसे यांपैकी काहीही बदलले, की आधीची उपलब्धता आणि आधीचा दर दोन्ही रद्द, असा त्यांचा अर्थ आहे. `COLLECT` मध्ये परत येताना बाजूला ठेवलेली खोली मोकळी करणे आणि जुनी लिंक बंद करणे ही दोन कामे त्याच क्षणी झाली पाहिजेत. वरच्या संवादात नेमकी हीच पायरी नव्हती. "निश्चित झाले" हा साचा तर `CONFIRMED` मध्ये प्रवेश करतानाच पाठवला जातो, तेथे जाण्याची वाट फक्त `payment_ok` मधून आहे आणि ती घटना पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या सर्व्हरकडूनच येते. पाहुण्याने "पैसे भरले" असे लिहिले किंवा स्क्रीनशॉट पाठवला, तरी ती घटना घडत नाही.

मॉडेलकडून नेमके काय घ्यावे

पाहुण्याचा प्रत्येक लिखित संदेश प्रथम मॉडेलकडे जातो, पण उत्तर लिहिण्यासाठी नव्हे, तर माहिती वेचण्यासाठी. सोबत संपूर्ण संवाद देण्याची गरज नाही. बॉटने शेवटी काय विचारले होते आणि तक्त्यात आता काय भरलेले आहे, एवढे दिले की पुरते. शेवटचा प्रश्न मात्र द्यावाच लागतो, कारण नुसते "दोन" एवढेच उत्तर आले, तर त्या दोन खोल्या की दोन रात्री हे प्रश्नावरूनच कळते. वरच्या तिसऱ्या संदेशासाठी मॉडेलने असे उत्तर द्यायला हवे:

```json
{
  "date_phrase": "शनिवार",
  "nights": null,
  "rooms": null,
  "people": null,
  "question": "गाडी लावायला जागा हाय का?"
}
```

येथे संदेशाला "बदल", "चौकशी", "होकार" असे एकच लेबल लावण्याची जुनी सवय सोडावी. या एका संदेशात चौकशीही आहे आणि बदलही आहे. एकच लेबल मागितले की दोहोंपैकी एक गोष्ट हरवते, आणि अनुभव असा आहे की प्रश्नचिन्ह दिसल्यामुळे चौकशी टिकते आणि बदल हरवतो. `null` चा अर्थ "या संदेशात उल्लेख नाही" एवढाच घ्यावा. तो "आधीची माहिती पुसा" असा घेतला, तर दर संदेशागणिक तक्ता रिकामा होत जातो.

ठरीव आराखड्यात उत्तर देण्याची सोय बहुतेक मॉडेल-सेवांमध्ये आता आहे आणि ती जरूर वापरावी. पण तिच्यामुळे उत्तराचा आकार बरोबर येतो, आशय बरोबर असेलच असे नाही. म्हणून मॉडेलकडून तारीख न मागता तारखेचा शब्द जसाच्या तसा मागावा आणि तो शब्द पाहुण्याच्या संदेशात खरोखर आहे का हे कोडने तपासावे. नसेल, तर ते उत्तर टाकून द्यावे आणि तारीख पुन्हा विचारावी. एवढ्या साध्या तपासणीने मनाने घातलेल्या तारखा जवळजवळ थांबतात.

शब्दाची तारीख करण्याचे काम कोडचे आहे. "परवा" हा शब्द आरक्षणात नेहमी उद्यानंतरच्याच दिवसाचा धरावा. "पुढच्या शुक्रवारी" असे आले, तर अंदाज न करता दोन्ही शुक्रवारच्या तारखा बटणांवर द्याव्यात. आणि सर्व्हरचे घड्याळ कोणत्या वेळेवर चालते हे नक्की पाहावे. ते जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो आणि "उद्या" ही तारीख एका दिवसाने मागे पडते. रात्रीच्या गाडीत बसून संदेश पाठवणाऱ्या पाहुण्यांच्याच तारखा चुकत असतील, तर मॉडेलला दोष देण्यापूर्वी हे तपासावे.

मध्येच आलेला प्रश्न आणि मूळ वाटेवर परत येणे

ठरीव फ्लो जेथे तुटतो, तेथे मुक्त संवादाची खरी गरज असते. पाहुणा गाडी कोठे लावायची, देवळाचे दार किती लांब आहे, लहान मुलांचे वेगळे पैसे पडतात का, किरणोत्सव कधी असतो, असे काहीही विचारतो. वेचलेल्या माहितीत `question` भरलेले असेल, तर तो प्रश्न आणि निवासाचे माहितीपत्रक एवढेच मॉडेलला दुसऱ्या वेळी द्यावे आणि दोन-तीन वाक्यांत उत्तर मागावे. माहितीपत्रक व्यवस्थापकाने लिहिलेले असावे: गाडी लावण्याची जागा, गरम पाण्याची वेळ, खोली सोडण्याची वेळ, मंदिरापर्यंतची वाट, आणि किरणोत्सवाच्या परंपरेने मानल्या जाणाऱ्या तारखा, म्हणजे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. पत्रकात उत्तर नसेल, तर "याची माहिती काउंटरवर मिळेल" हेच उत्तर.

या दुसऱ्या कामात मॉडेलला कोणतेही फंक्शन देऊ नये आणि बुकिंगचा तक्ताही दाखवू नये. त्याला जे ठाऊकच नाही, त्याबद्दल ते आश्वासन देण्याचा मोह कमी होतो. तरीही उत्तर पाठवण्यापूर्वी त्यात "बुक", "निश्चित", "कन्फर्म", "राखून" यांसारखे शब्द किंवा पत्रकात नसलेला आकडा आहे का, हे कोडने पाहावे आणि असल्यास ठरीव उत्तर पाठवावे. ही गाळणी कधीकधी निरुपद्रवी उत्तरही अडवते. त्याचे नुकसान फार नाही.

उत्तर दिल्यावर संवाद मूळ वाटेवर आणणे हे मॉडेलवर सोडू नये. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या स्टेटचार्ट पद्धतीत यासाठी इतिहास-अवस्था नावाची सोय आहे: मध्येच बाहेर पडलेले यंत्र परत येताना जेथून बाहेर पडले तेथेच येते. आपल्या लहान यंत्रात त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, कारण प्रश्नाला उत्तर देताना अवस्था बदलतच नाही. उत्तराच्या शेवटी कोडने चालू अवस्थेचा प्रलंबित प्रश्न जोडायचा, एवढेच. दुरुस्तीनंतर त्याच तिसऱ्या संदेशाला बॉट असे उत्तर देतो:

"हो, निवासाच्या आवारात दोन गाड्यांची जागा आहे, ती भरलेली असल्यास बिंदू चौकातील वाहनतळ वापरावा लागतो. शुक्रवार, १३ नोव्हेंबरची विनंती रद्द केली आहे. शनिवार, १४ नोव्हेंबर रोजी एकच खोली शिल्लक आहे आणि तीत तीन जणांची सोय होते. काय करावे?"

पहिले वाक्य मॉडेलचे आहे, उरलेली साच्यातील आहेत आणि खाली तीन बटणे आहेत. वारासोबत तारीखही लिहिली आहे ती मुद्दाम: आकलन चुकले असेल, तर पाहुण्याला ते दिसण्याची ही एकमेव खात्रीची जागा आहे. योग्य आकाराची पण चुकीची माहिती स्टेट मशीन स्वतः ओळखू शकत नाही.

जुनी बटणे, उशिरा आलेले पैसे

व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या संदेशातील बटण नंतरही दाबता येते. पाहुण्याने तारीख बदलल्यावर वर सरकवून शुक्रवारच्या प्रस्तावावरील "होय" दाबले आणि यंत्र त्या वेळी शनिवारच्या प्रस्तावासाठी `QUOTED` मध्ये असले, तर शनिवारची खोली राखली जाते. म्हणून बटणाच्या ओळखक्रमांकात प्रस्तावाचा क्रमांक घालावा, उदाहरणार्थ `yes:q7`, आणि तो चालू प्रस्तावाशी जुळला तरच `button_yes` ही घटना मानावी. न जुळल्यास चालू प्रस्ताव पुन्हा दाखवावा.

तक्त्यात नसलेली घटना आली, तर वरील `step` अवस्था तशीच ठेवते. बटणासाठी हे योग्य आहे, पैशांसाठी मात्र घातक आहे. पाहुण्याने विसाव्या मिनिटाला रक्कम भरली आणि तिची सूचना बाविसाव्या मिनिटाला पोचली, तर यंत्र तोवर `COLLECT` मध्ये आलेले असते आणि पैसे येऊनही काहीच घडत नाही. त्यासाठी तक्त्यात आणखी दोन ओळी हव्यात:

```python
    ("COLLECT", "payment_ok"): "DESK",
    ("QUOTED",  "payment_ok"): "DESK",
```

`DESK` म्हणजे हा संवाद आता व्यवस्थापकाकडे गेला. बॉट गप्प राहतो आणि "रक्कम मिळाली आहे, काउंटरवरून संपर्क केला जाईल" एवढेच कळवतो. चाळीस-पन्नास जणांच्या गटाची मागणी आणि "काउंटरशी बोला" हे बटण यांचीही वाट तीच असावी. मात्र पाहुण्याच्या शेवटच्या संदेशाला २४ तास उलटले, की व्हॉट्सअ‍ॅप व्यवसायांना आधी मंजूर झालेल्या साच्यातील संदेशच पाठवू देते. व्यवस्थापक दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर लिहायला बसले आणि ते गेलेच नाही, असे होऊ नये म्हणून त्यासाठीचा साचा आधीच मंजूर करून ठेवावा.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपकडून एकच संदेश आपल्या सर्व्हरला दोनदा मिळू शकतो, म्हणून प्रत्येक संदेशाचा `id` नोंदवून पुनरावृत्ती सोडून द्यावी. आणि पुष्कळ पाहुणे एक वाक्य तीन तुकड्यांत पाठवतात. एका क्रमांकावरील संदेश तीन-चार सेकंद थांबून एकत्र वाचावेत आणि एका वेळी त्या क्रमांकाचे एकच काम चालू द्यावे, नाहीतर दोन तुकडे दोन वेगळ्या अवस्था लिहितात आणि उशिरा संपणारा जिंकतो.

दुरुस्ती टिकली की नाही हे कसे पाहावे

जुने संवाद फेकून देऊ नयेत. ज्या संवादांवरून तक्रारी आल्या, त्यांतील पाहुण्यांचे संदेश क्रमाने नव्या यंत्रातून चालवावेत आणि शेवटी अवस्था कोणती राहते ते पाहावे. वरचा संवाद `COLLECT` मध्येच थांबला पाहिजे, कारण शनिवारी दोन खोल्या नाहीत. मॉडेलची आवृत्ती बदलली, की हीच चाचणी पुन्हा चालवावी. सेवा तीच असली तरी आवृत्तीगणिक शब्द वेचण्याची पद्धत बदललेली आढळते.

सुरुवातीची क्वेरी दुरुस्तीनंतरच्या संदेशांपुरती रोज रात्री आपोआप चालावी. "निश्चित" हा शब्द असलेला एकही संदेश आता मॉडेलकडून जाऊ शकत नसल्यामुळे, साच्यांतही तो शब्द `CONFIRMED` खेरीज कोठे वापरला नाही, तर तिचे उत्तर रिकामेच यायला हवे. ज्या दिवशी ते रिकामे येणार नाही, त्या दिवशी कोडमध्ये कोणीतरी संदेश पाठवण्याची नवी वाट उघडली आहे असे समजून, प्रॉम्प्टपूर्वी ती वाट शोधावी.